तात्यांना आलेला फोन, जसाच्या तसा

तात्यांच्या मोबाईलात कॉल आपोआप रेकॉर्ड होतात. मंगळवारी दुपारचा हा कॉल ऐकून ऐकून उतरवून काढलाय. कंसातलं माझं.

— हॅलो, काका, संभाजीनगरहून बोलतोय, हॉस्पिटलमधून. तुमच्या मुलाचा ॲक्सिडेंट झालाय.

— आँ? कुणाचा? गणेशचा?

(नाव इथं तात्यांनीच दिलं.)

— हो, गणेशचाच. बीड बायपासला गाडी स्लिप झाली. डोक्याला मार आहे.

— आरं देवा! वाळूजहून तिकडं कामून गेला हा? ड्युटी असंल ना त्याची.

— कंपनीतूनच निघाला होता काका. ऐका, लगेच ऑपरेशन आहे. पस्तीस हजार डिपॉझिट भरल्याशिवाय डॉक्टर हात लावत नाहीत.

— घाटीत न्या की मग.

— तेवढा वेळ नाही. फोन पे आहे का?

— न्हाई ओ, मला कुठलं येतंय ते. गणेशला द्या जरा.

— बेशुद्ध आहे. फोन ठेवू नका, कुणाला लावूही नका, लाईन तुटली तर पुन्हा लागणार नाही. शेजारी कुणाकडे फोन पे असेल, त्याच्याकडे जा.

(पुढं दीडेक मिनिट नुसता चपलांचा आवाज आणि तात्यांचा दम. मधी काकूंचं रडणं. ती पस्तीस हजाराची रक्कम म्हणजे कापसाचे आलेले पैसे, कपाटात होते तेच. तात्या माझ्या सेंटरवर आले, नोटा काउंटरवर टाकल्या आणि फोन माझ्या हातात दिला.)

— बोला, नंबर सांगा.

(त्यानं दहा आकडे सांगितले. मी टाकले. पैसे पाठवायच्या आधी स्क्रीनवर खातेदाराचं नाव येतं, ते आलं. भलत्याच माणसाचं.)

— साहेब, इथं हॉस्पिटलचं नाव दिसंना.

— आमच्या अकाउंटंटचं आहे ते. वेळ घालवू नका, पेशंट सिरियस आहे.

— बरं. हॉस्पिटलचं नाव काय म्हणलात?

— काकांना सांगितलंय.

(सांगितलं नव्हतं. अख्ख्या कॉलमधी एकदाही नाही.)

— मला सांगा. केसपेपर नंबर सांगा. ॲक्सिडेंट हाय, म्हणजे पोलिसांना कळवलं असंल ना, कोणतं ठाणं?

— तुम्ही कोण? मुलगा मेला तर जबाबदारी तुमची!

— माझी. काउंटरचा नंबर द्या, मीच लावतो.

(इथं कट. मी सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाईनला कळवलं आणि तो नंबर दिला.)

तात्या तोवर बाकड्यावर खाली बसले होते, नोटांकडं बघायला तयार नव्हते. गणेशला माझ्या फोनवरून लावला. तिसऱ्या रिंगला उचलला.

— हां बाळू, बोल. कँटीनमधी जेवायलोय. कोण रडायलंय तिकडं?