हरवलेल्या सिमच्या जागी डुप्लिकेट सिम मिळण्याबाबत अर्ज

दिनांक: १३ मार्च २०२६

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा केंद्र

विषय: मोबाईल क्रमांक ५९२०४ १०७१८ चे डुप्लिकेट सिम मिळणेबाबत.

महोदय,

वरील पोस्टपेड क्रमांक माझ्या नावावर आहे. काल, १२ मार्च रोजी सायंकाळी साडेसहाच्या सुमारास बसप्रवासात माझा फोन सिमसह हरवला. ७.१० वाजता ग्राहक सेवेला फोन करून मी सिम बंद करून घेतले. तक्रार क्रमांक ४४१९०२७. त्यानंतरचा कोणताही कॉल, संदेश किंवा ओटीपी माझा नाही, याची नोंद घ्यावी.

जुन्या सिमवरील क्रमांकाचे शेवटचे सहा अंक ३०५२८६ असून ते सिमच्या मूळ कार्डावरून घेतले आहेत. बिल खाते क्रमांक ६६०३१८५. थकबाकी नाही, फेब्रुवारीचे बिल भरल्याची पावती जोडली आहे.

नावाबाबत एक खुलासा आवश्यक आहे. जोडणी घेतली तेव्हा माझे नाव सुनीता दत्तात्रय जाधव होते, आधारवर आता सुनीता विठ्ठल गायकवाड आहे. नाव जुळत नाही म्हणून अर्ज परत जाऊ नये, यासाठी विवाह नोंदणी प्रमाणपत्राची प्रत देत आहे. जन्मतारीख दोन्हीकडे ०९/०८/१९९१ अशीच आहे. नवीन केवायसी करतानाच नोंदीतले नावही बदलून घ्यावे.

सोबत स्वसाक्षांकित प्रती: आधार (पहिले आठ अंक झाकलेले, शेवटचे चार ५१६३), मतदार ओळखपत्र, विवाह प्रमाणपत्र, पोलिसांकडील हरवल्याच्या नोंदीची प्रत आणि एक छायाचित्र. मूळ कागदपत्रे दाखवायला व छायाचित्र काढून घ्यायला मी स्वतः हजर आहे. माझ्या वतीने सिम घेण्याचा अधिकार मी कोणालाही दिलेला नाही.

मला त्याच क्रमांकाचे, सध्याच्याच प्लॅनचे नॅनो सिम हवे आहे, ई-सिम नको. नवे सिम सुरू होताना जुने कायमचे रद्द करावे. या क्रमांकासाठी ई-सिमची किंवा पोर्टिंगची मागणी आली असेल किंवा पुढे आली, तर माझी समक्ष खात्री केल्याशिवाय ती मान्य करू नये. बँक खाते याच क्रमांकाला जोडलेले असल्याने हा मुद्दा मला सर्वात महत्त्वाचा वाटतो.

नवे सिम सुरू झाल्यावर २४ तास एसएमएस बंद राहतात, हे मला माहीत आहे. सोमवारी बँकेच्या कामासाठी ओटीपी लागणार आहे, म्हणून सिम उद्या शनिवारी दुपारपर्यंत सुरू करावे. फोनचा आयएमईआय सीईआयआर पोर्टलवर बंद करण्याच्या अर्जासाठीही याच क्रमांकावर ओटीपी येतो, त्यामुळे तेही काम सिमवर अडले आहे.

अर्ज मिळाल्याची पोच या पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का व वेळ टाकून द्यावी.

आपली विश्वासू,
सुनीता विठ्ठल गायकवाड
(स्वाक्षरी केली आहे)