गॅदरिंगचं स्वागत, तीन मिनिटांत

नमस्कार! पाहुण्यांचं, पालकांचं, सगळ्यांचं मनापासून स्वागत. पोरं मेकअप करून विंगेत ताटकळलीयेत, म्हणून वर्षाचा रिपोर्ट वाचत नाही, तो बाहेर बोर्डावर लावलाय. आभार मात्र आत्ताच मानणार. अध्यक्ष आणि कमिटी मेंबर्स, थँक्यू. पालकांनो, ड्रेसपासून प्रॅक्टिसला ने-आण करण्यापर्यंत सगळं तुम्ही सांभाळलंत. आमचे टीचर्स तर शाळा सुटल्यावरही थांबले, डान्स बसवले, रुसलेल्यांना समजावलं. आणि शिपाई काका, सफाईच्या मावशी, व्हॅनचे ड्रायव्हर दादा, साउंडवाले, तुमची नावं पत्रिकेत छापलेली नाहीत पण तुमच्याशिवाय आजचा कार्यक्रम उभाच राहिला नसता, तेव्हा प्लीज जागेवर उभे राहा, पहिल्या टाळ्या तुमच्यासाठी, जोरात! चला, पडदा उघडा, बालवाडीचा डान्स!