पदग्रहण समारंभातील मनोगत

व्यासपीठावरील मान्यवर, मंडळाचे ज्येष्ठ सभासद, माता-भगिनी आणि आत्ताच ज्यांनी शपथ घेतली ते नवे पदाधिकारी,

जोतिबाच्या पालखीसमोर नारळावर हात ठेवून आपण जे शब्द उच्चारलेत, ते ऐकताना मला माझी पहिली चैत्र यात्रा आठवली. वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर पौर्णिमेच्या रात्री अन्नछत्रातील तांदूळ संपत आला होता, आणि तो संपत आहे हे कोठी सांभाळणाऱ्याने संकोचापोटी कुणालाच सांगितले नव्हते. मी तेव्हा सचिव होतो आणि मीही विचारले नव्हते. सासनकाठ्या नाचवून, गुलालाने माखून आलेली माणसे पंगतीत ताटकळत बसली. चूक त्याची एकट्याची नव्हती, एकमेकांना न विचारण्याची होती, हे मला त्या रात्री कळले.

म्हणून अध्यक्षांना माझी विनंती आहे की, महिन्याची बैठक कधीही चुकवू नका आणि त्या बैठकीत सर्वांत कमी बोलणाऱ्या सभासदाला आधी बोलते करा. महिला भजनी मंडळाच्या भगिनी स्वयंपाकाचा सगळा भार उचलतात, पण शिधा किती आणायचा हे ठरवताना आजवर त्यांना क्वचितच विचारले गेले. ही उणीव माझ्याही कार्यकाळातली आहे, ती तुम्ही दूर करावी.

कोषाध्यक्षांचे काम सर्वांत अवघड. भाविक अकरा रुपये देवो वा अकरा हजार, तो ते देवाला देत असतो, त्यामुळे प्रत्येक रकमेची पावती फाडली गेली पाहिजे आणि किर्द त्याच दिवशी लिहिली गेली पाहिजे. विश्वस्त बदलल्याचा बदल अर्ज धर्मादाय कार्यालयात ९० दिवसांच्या आत दाखल करावा लागतो, ही जबाबदारी सचिवांनी आजपासूनच मनावर घ्यावी. हिशेब तपासनीसांसमोर ताठ मानेने बसता येणे हीसुद्धा उपासनाच आहे, असे मी मानतो.

ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेचे पाणी शहरात शिरले, तेव्हा यात्रेची हीच भांडी आणि हीच माणसे पूरग्रस्तांसाठी उभी राहिली. त्या वेळी कोण अध्यक्ष आणि कोण साधा सभासद, हे काहिलीजवळ उभ्या असलेल्या कुणालाही विचारावेसे वाटले नाही. मतभेद होतील, ते व्हावेतही. मात्र ते बैठकीत मांडावेत, चौकात नव्हे, आणि एकदा ठराव झाला की विरोधात मत देणाऱ्यानेही पदर खोचून, बाह्या सरसावून कामाला लागावे.

आम्ही जुने कार्यकर्ते बोलावाल तेव्हा येऊ. न बोलावता सल्ला देणार नाही, असा शब्द देतो. कोठीच्या किल्ल्या, किर्द आणि भांड्यांची नोंदवही मी आता आपल्या स्वाधीन करतो. नोंदवहीतील दोन पातेली दुरुस्तीला दिली आहेत, तेवढी यात्रेआधी आठवणीने आणावीत.

जोतिबाच्या नावानं चांगभलं!