करंट आणि एक्स्पेक्टेड सॅलरी: असिस्टंट मॅनेजर पेरोल, मिहान

नमस्कार मॅडम,

काल फोनवर तुम्ही म्हणाल्या की करंट आणि एक्स्पेक्टेड लिहून पाठवा, त्याशिवाय प्रोफाइल पुढे जात नाही. पाठवून राहिलो. उलट लिहून मागितलं ते मला बरंच वाटलं. मागे एका ठिकाणी फोनवर मी "साडेपाच" म्हटलं होतं, माझ्या डोक्यात फिक्स्ड होतं, समोरच्यानं सीटीसी धरलं, आणि ऑफर लेटर आलं तेव्हा त्या साडेपाचमध्ये व्हेरिएबल, ग्रॅच्युइटी, मेडिक्लेमचा प्रीमियम असं सगळं कोंबलेलं. हातात येणारे पैसे जुन्या नोकरीपेक्षा आठशे रुपये कमी. मी स्वतः लोकांच्या स्लिपा बनवतो आणि माझीच अशी गंमत झाली, घरी अजून हसतात. म्हणून आता एक आकडा फेकून मोकळा होत नाही, प्रत्येक आकडा कशाचा आहे ते लिहितो, मेल थोडा लांबेल.

करंट. महिन्याचा ग्रॉस ४४,०००, त्यात बेसिक २२,०००, एचआरए ८,८००, बाकी १३,२०० स्पेशल अलाउन्स. पीएफ कंपनी १५,००० च्या सीलिंगवर कापते म्हणजे माझे १,८०० आणि त्यांचे १,८००, प्रोफेशनल टॅक्स २००, टीडीएस शून्य. खात्यात ४२,००० येतात, फेब्रुवारीत ४१,९०० कारण त्या महिन्यात पीटी ३०० असतो. वर्षाचा ग्रॉस ५,२८,०००, त्यावर कंपनीचा पीएफ २१,६००, ग्रॅच्युइटी साधारण १२,७००, मेडिक्लेम ९,७००, आणि व्हेरिएबल ४८,०००. सीटीसी ६,२०,०००. व्हेरिएबल कागदावर ४८ आहे पण मागच्या वर्षी मिळाले ३१, त्यामुळे तुमच्या शीटमध्ये ६.२० टाकाल तेव्हा बाजूला "फिक्स्ड ५.२८" पण टाका प्लीज. दोन्ही आकडे खरे आहेत, पण एकटा ६.२० वाचला तर समोरच्याचा गैरसमज होते.

एक्स्पेक्टेड. महिन्याला फिक्स्ड ग्रॉस ६०,०००, म्हणजे वर्षाला ७,२०,०००, व्हेरिएबल धरून नाही. क्लायंटला सीटीसीच पाहिजे असेल तर पीएफ सीलिंगवर, बेसिक निम्मं आणि मेडिक्लेम धरून ७,७०,००० च्या आसपास बसते, व्हेरिएबल द्यायचं तर त्याच्या वर द्या. पीएफ फुल बेसिकवर असेल तर आधी सांगा. ३०,००० बेसिकवर माझे ३,६०० आणि त्यांचे ३,६०० जातात, आणि सीटीसी तोच ठेवून बसवलं तर महिन्याला ३,६०० नं हातातलं कमी होते. पैसे माझ्याच पीएफमध्ये जातात हे मान्य, पण घराचा हप्ता पीएफमधून जात नाही नं.

आणि बेसिक निम्म्याच्या खाली नको. काही कंपन्या बेसिक तीस टक्क्यांवर ठेवून बाकी सगळं अलाउन्समध्ये ओतायच्या, कारण ग्रॅच्युइटी शेवटच्या बेसिकवर निघायची, तो खेळ मला माहीत आहे, मी तो करायला लावलेला माणूस आहे.

आता तुम्ही म्हणाल्या तीस टक्क्यांच्या वर हाईक पॉलिसीत बसत नाही. ४४ वर तीस टक्के म्हणजे ५७,२०० आणि मी मागून राहिलो ६०, म्हणजे छत्तीस. कबूल. पण मी इथं २ ऑगस्ट २०२१ ला लागलो, कोविडच्या मागोमाग, तेव्हा जे मिळालं ते घेतलं होतं आणि पुढची सगळी इन्क्रिमेंट त्याच कमी पायावर चढली. सध्या ३४० लोकांचं पेरोल एकट्यानं करतो, पीएफचं ईसीआर, ईएसआयसी, पीटी, फॉर्म १६, फुल अँड फायनल सगळं. तुमच्या क्लायंटकडे तीन साइट, साडेनऊशे लोक, शिवाय हाताखाली दोघं. कामाचा हिशोब करा, आधीच्या पगारावर टक्के लावून कामाची किंमत कशी काढायची मला समजत नाही. खालचा आकडा मात्र विचारू नका, लिहिला की तोच फायनल होते, तुम्हीही नागपूरच्याच, सांगायला नको. ५७ आणि ६० मध्ये अडलं तर व्हेरिएबल नका वाढवू, सहा महिन्यांनी फिक्स्ड रिव्ह्यू ऑफर लेटरमध्ये लिहून द्या, त्यावर बोलता येईल.

जाण्यायेण्याचं फार नाही. सुभाष नगरहून आता हिंगणा एमआयडीसीला जातो, मिहानला यायचं तर सीताबर्डीला मेट्रो बदलून खापरी, तिथून पुढे कंपनीची बस आहे का तेवढं विचारून ठेवा.

नोटीस पीरियड ६० दिवस. क्लायंट बायआउट देऊन १५ दिवसांत जॉईन करा म्हणतो, ते जमणार नाही आणि कारण सरळ आहे. येत्या १ ऑगस्टला माझी ५ वर्षं पूर्ण होतात, त्याआधी सुटलो तर ग्रॅच्युइटीचे २२,००० भागिले २६ गुणिले १५ गुणिले ५, म्हणजे ६३,४६२ रुपये सोडावे लागतील. चार वर्षं २४० दिवसांवर मिळते असं कोर्टाच्या निकालावरून लोक सांगतात, पण आमची कंपनी पूर्ण पाचच धरते आणि निघताना भांडण मला नको. ३० जूनपर्यंत ऑफर लेटर हातात आलं तर १ जुलैला रिझाइन करतो, २९ ऑगस्टला नोटीस संपते, सोमवारी ३१ ऑगस्टला जॉईन. लवकर पाहिजेच असेल तर ३ ऑगस्ट, उरलेल्या नोटीसचा बायआउट त्यांनी द्यायचा. त्याच्याही आधी बोलवायचं असेल तर बायआउटशिवाय हे ६३,४६२ जॉईनिंग बोनसमध्ये धरा, टॅक्स-बिक्स कापून मला तेवढे मिळाले पाहिजेत.

शेवटच्या तीन महिन्यांच्या स्लिपा आणि फॉर्म १६ देईन, पण इंटरव्ह्यू होऊन ऑफरची बोलणी सुरू झाल्यावर. पॅन, यूएएन आणि खाते नंबर झाकून देईन. प्रोफाइल फक्त याच एका कंपनीला पाठवा, दुसरीकडे टाकायचं तर आधी विचारा. आणि मॅडम, सध्याच्या ऑफिसात रेफरन्स चेकसाठी फोन नको, कोणालाच नको, रिझाइन केल्यावर साहेबांचा नंबर मीच देतो. मागच्या महिन्यात आमच्या स्टोअरमधल्या एकाची बातमी अशीच फुटली, बिचाऱ्याला ऑफरही नाही मिळाली आणि इन्क्रिमेंटही गेलं.

तुमच्याकडून एवढं हवं: या पोझिशनचं बजेट फिक्स्डमध्ये किती आहे, व्हेरिएबल किती टक्के आणि मागच्या वर्षी लोकांना खरं किती मिळालं. पहिला आकडा ५५ च्या खाली असेल तर आताच सांगा, राग नाही येणार.

फोन करायचा तर दुपारी एक ते दीडमध्ये किंवा संध्याकाळी सातनंतर करा. पंचवीस तारखेनंतर मात्र पेरोल क्लोजिंग असते, तेव्हा मी घरच्यांचाही फोन उचलत नाही.

प्रणय