७.५ किलोवॅट मोटारीची नेमप्लेट: फोटोतले आकडे कसे वाचायचे

फोटोत: तीन फेजच्या इंडक्शन मोटारीची अॅल्युमिनियमची पाटी. डावा खालचा कोपरा रंगाने माखलाय, पण कामाचे आकडे वाचता येतात.

७.५ किलोवॅट / १० एचपी. ही शाफ्टवर मिळणारी ताकद, लाइनमधून खेचलेली नव्हे. पूर्ण लोडवर लाइनमधून ७.५ ÷ ०.९०४, म्हणजे सुमारे ८.३ किलोवॅट जातात. ही गल्लत फार होते.

४१५ व्होल्ट ±१०%, डेल्टा. चालतं साधारण ३७४ ते ४५६ व्होल्टमध्ये. व्होल्टेजशेजारचं त्रिकोणाचं चिन्ह सोडून पुढे जाऊ नका: त्याचा अर्थ ४१५ व्होल्टला वाइंडिंग डेल्टातच हवं. टर्मिनल बॉक्समधल्या पट्ट्या स्टारमध्ये राहिल्या तर टॉर्क एक तृतीयांशावर येतो. मोटार रिकामी छान फिरते, लोड आला की घसरते, तापते आणि शेवटी जळते.

१३.९ अँपिअर. ४१५ व्होल्ट आणि पूर्ण लोड असतानाचा लाइन करंट. पाटीवर पॉवर फॅक्टर ०.८३ आहे, त्यावरून ताळा जमतो:

```
7500 ÷ (1.732 × 415 × 0.83 × 0.904) = 13.9
```

ओव्हरलोड रिले १३.९ वरच लावा. स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये रिले मेन कॉन्टॅक्टरच्या खाली, फेजच्या वायरींवर असेल तर ०.५८ ने गुणून ८.१. तिथे १३.९ ठेवला तर रिले असून नसल्यासारखा. क्लॅम्प मीटरवर निम्मा करंट दिसला म्हणून लोडही निम्माच, असं धरू नका. या मापाची मोटार रिकामी फिरतानाही चुंबकीकरणासाठी बराच करंट घेते.

१४५५ आरपीएम, ५० हर्ट्झ. ५० हर्ट्झवर चार पोलचा सिंक्रोनस वेग १५००. उरलेले ४५ म्हणजे ३% स्लिप, आणि पूर्ण लोडवर ती असणारच. १४४० ची जुनी मोटार काढून पंख्यावर ही बसवली, तर वेग जेमतेम १% वाढतो, पण पंख्याची ताकद वेगाच्या घनाने वाढते, म्हणजे सुमारे ३% जास्त. मोटार आधीच काठावर असेल तर एवढंही जाणवतं. ६० हर्ट्झवर तर सिंक्रोनस वेगच १८०० होतो आणि पंख्याला सुमारे १.७ पट ताकद लागते.

आयई३, ९०.४%. कार्यक्षमतेचा वर्ग. या ताकदीच्या चार पोल मोटारीला ५० हर्ट्झवर आयई२ साठी ८८.७% लागते. फरक किरकोळ वाटतो, पण पूर्ण लोडवर तो सुमारे १६० वॅट आहे. वर्षाला ६,००० तास चालवली तर साधारण ९५० युनिट. आयई३ मोटारीचा सुरुवातीचा झटका अनेकदा जुनीपेक्षा मोठा असतो, त्यामुळे जुनाच एमसीबी ठेवून मोटार बदलली की कधी कधी चालू करतानाच तो पडतो. मोटार रिवाइंड झाली असेल तर हा आकडा कागदोपत्रीच समजा. तार बारीक पडली किंवा जुनं वाइंडिंग काढताना कोर जास्त तापवला, तर पाटी आयई३ च सांगत राहते.