विषय: बंद महिन्यातली साठा-नोंद थेट बदलण्याची तुमची मागणी, आमचा निर्णय आणि आज करता येण्यासारखं काही

आदरणीय महोदया,

सप्रेम नमस्कार.

तुमचं सोमवारचं पत्र आणि सोबत जोडलेली चुकीच्या नोंदींची फाईल आम्ही नीट पाहिली. मी, साठा विभागाचं काम पाहणारे आमचे विकासक आणि तुमचं खातं सांभाळणाऱ्या सहकारी, असे तिघेही त्यावर बोललो. तुमची मागणी अशी आहे: महिना बंद झाल्यावरही गोदाम प्रमुखाला जुनी, पक्की झालेली नोंद उघडून त्यातला आकडा बदलता यावा, आणि त्यापुढचे सगळे अहवाल आपोआप नव्याने तयार व्हावेत. त्यासाठी लागणारा खर्च स्वतंत्रपणे देण्याची तयारीही तुम्ही दाखवली आहे.

ही सोय आम्ही करणार नाही. पुढच्या आवृत्तीत नाही, त्यानंतरही नाही, आणि फक्त तुमच्या खात्यापुरतीही नाही. हे सुरुवातीलाच सांगतो, कारण "विचार करू" असं कळवून तुम्हाला ताटकळत ठेवणं बरोबर नव्हे. तुमच्या गोदामाचं पुढच्या महिन्याचं नियोजन या उत्तरावर अवलंबून आहे.

कारण तुमच्याच फाईलमधल्या एका नोंदीवरून दाखवतो. A-1187 ही आवक नोंद घ्या. 12 नगांची एक पेटी, अशा 40 पेट्या आल्या. म्हणजे 480 नग. बिल 24,000 चं, तेव्हा एका नगाचा दर 50. नोंद करताना एकक 'पेटी'ऐवजी 'नग' निवडलं गेलं, म्हणून प्रणालीत 40 नग जमा झाले आणि दर नगामागे 600 पडला. त्याच महिन्यात यातले 25 नग कामासाठी दिले गेले. त्या कामावर 15,000 चा खर्च पडला. खरा खर्च 1,250 च होता.

आता तुम्ही म्हणता तसं 40 चे 480 केले, तर नुसती ती एक ओळ बदलत नाही. तुमचं खातं भारित सरासरी पद्धतीवर आहे. त्यामुळे त्या आवकेनंतरच्या प्रत्येक जावकेचा दर बदलतो, त्या जावकेवर आधारलेला कामाचा खर्च बदलतो, दुसऱ्या गोदामाला पाठवलेल्या मालाची किंमत बदलते आणि तिथल्या पुढच्या जावकाही बदलतात. महिनाअखेरीला तुमच्या हिशेब विभागाने जो साठा-मूल्याचा अहवाल काढून संचालकांना दिला, त्यातला आकडा आणि आज पडद्यावर दिसणारा आकडा जुळेनासा होतो. तो का जुळत नाही, हे सांगणारी एकही ओळ कुठे उरत नाही. लेखापरीक्षकाने विचारलं तर तुमच्याच माणसांना उत्तर देता येणार नाही. मला सगळ्यात जास्त काळजी याच गोष्टीची वाटते.

हिशेबाच्या वहीत खाडाखोड करू नये, चुकीची नोंद उलट करून बरोबर नोंद नव्याने लिहावी, ही रीत संगणक येण्याच्या फार आधीपासूनची आहे. आमची साठा-खतावणी त्याच रीतीवर बांधलेली आहे. नोंद एकदा पक्की झाली की ती पुसली जात नाही, बदलली जात नाही; तिच्यावर फक्त भर पडते. येत्या काळातही आमचा भर दोनच गोष्टींवर राहील: चूक नोंद पक्की होण्याआधीच पकडली जावी, आणि पक्की झाल्यावर सापडलीच तर ती दुरुस्त करणं कमीत कमी श्रमाचं असावं. तुमची मागणी यातल्या दुसऱ्या गोष्टीच्या जवळ जाते, पण वाट उलट दिशेची आहे.

फक्त तुमच्यासाठी वेगळी सोय का नाही, याचंही उत्तर द्यायला हवं, कारण पत्रात तुम्ही ते थेट विचारलं आहे. तुमच्या खात्यात नोंदी बदलता येतात आणि बाकी सगळीकडे येत नाहीत, असं झालं तर खतावणीचा गाभाच दोन प्रकारचा होतो. प्रत्येक सुधारणा दोनदा तपासावी लागते. अहवालांचं काम करणाऱ्या माणसाला प्रत्येक वेळी लक्षात ठेवावं लागतं की या एका खात्यात कालचा आकडा आज तोच असेल याची खात्री नाही. पहिले काही महिने आम्ही ते निभावून नेऊही; नंतर मात्र तुमचंच खातं प्रत्येक आवृत्तीत मागे पडत जाईल. पैसे घेऊन असं करणं आम्हाला योग्य वाटत नाही.

तुमची अडचण मात्र खरी आहे आणि ती सुटायला हवी. फाईल चाळताना आम्हाला दिसलं की त्यातल्या बहुतेक चुका एकाच जातीच्या आहेत: पेटी आणि नग यांची अदलाबदल. आकडा चुकलाय असं क्वचितच झालंय, एकक चुकलंय. त्यामुळे जुन्या नोंदी बदलण्यापेक्षा ही चूक होऊच न देणं तुम्हाला जास्त उपयोगी पडेल असं मला मनापासून वाटतं.

त्यासाठी दोन गोष्टी आजच्या आवृत्तीतच आहेत. पहिली म्हणजे वस्तूच्या माहितीत 'खरेदीचं एकक' ठरवून टाकणं. ज्या वस्तू पेटीनेच येतात, त्यांच्यापुढे खरेदीचं एकक पेटी आणि एका पेटीत 12 नग असं एकदा भरलं की आवकेच्या पडद्यावर 'नग' हा पर्यायच दिसत नाही. तुमच्या खात्यात ही माहिती बऱ्याच वस्तूंसाठी रिकामी आहे. वस्तूंची यादी पाठवलीत तर ती भरून द्यायचं काम आम्ही करू. त्यासाठी वेगळं शुल्क नाही.

दुसरी म्हणजे खरेदी मागणीशी ताळा. 'आवक नियम' या पडद्यावर फरकाची मर्यादा ठरवता येते. समजा ती 10 टक्के ठेवली. मागणी 480 नगांची आणि नोंद 40 नगांची असेल, तर ती नोंद पक्की न होता कच्ची राहते आणि गोदाम प्रमुखाच्या यादीत येते. कच्ची नोंद हवी तेवढ्या वेळा बदला, त्यावर कसलंही बंधन नाही, कारण तिच्यावरून अजून कुठलाच हिशेब झालेला नसतो. फाटकावर माल उतरवून घेताना घाईत नोंद करणाऱ्या माणसाला चूक सुधारायची मोकळीक हवी, असं तुम्ही लिहिलं आहे. ती मोकळीक इथे मिळते. मात्र कच्च्या नोंदीतला माल कामासाठी देता येत नाही, म्हणून ती यादी रोज संध्याकाळी रिकामी करण्याची सवय लावावी लागेल. हे आधीच सांगून ठेवतो. नाहीतर पहिल्याच आठवड्यात गोदामातून तक्रारी येतील.

आता ज्या चुका आधीच होऊन बसल्या आहेत, त्यांच्याबद्दल. एकेक नोंद उघडून उलट करणं तुमच्या माणसांना कंटाळवाणं होतंय हे समजतं. 'गठ्ठ्याने दुरुस्ती' या पडद्यावर एक फाईल चढवून हे काम एकत्र होतं. फाईल अशी:

```
entry_no,action,correct_qty,unit,reason
A-1187,reverse_repost,40,BOX,unit_error
```

उलट नोंद आणि नवी नोंद या दोन्ही एकाच वेळी होतात, मध्ये साठा उणे दिसत नाही. A-1187 चंच पाहा. चुकीचे 40 नग 24,000 ला वजा झाले, बरोबरचे 480 नग 24,000 ला जमा झाले. 25 नग आधीच गेलेले, म्हणून हातात 455 नग राहिले. पण त्यांची किंमत वहीत 9,000 च दिसते, कारण 15,000 त्या कामावर पडून गेले आहेत. असायला हवी 22,750. हा 13,750 चा फरक प्रणाली 'मूल्य-फरक' म्हणून चालू महिन्यात वेगळ्या नोंदीने दाखवते: साठ्यात तेवढी वाढ, कामाच्या खर्चात तेवढी घट. जुना महिना जसाचा तसा राहतो, नगाचा दर पुन्हा 50 वर येतो, आणि कोणी विचारलंच तर तिन्ही नोंदी एकमेकींना जोडलेल्या सापडतात. मूल्य-फरकाची नोंद पक्की करण्याआधी मात्र ती तुमच्या हिशेब विभागाच्या नजरेखालून जाऊ द्या. त्या कामाचा खर्च तुम्ही ग्राहकाला आधीच कळवला असेल, तर पुढे काय करायचं हे त्यांनीच ठरवायचं आहे.

तुमच्या संचालकांना मागच्या महिन्याचं दुरुस्त चित्र पाहायचं असतं, हा पत्रातला मुद्दाही आम्हाला पटला. प्रत्येक नोंदीला दोन तारखा असतात: घटना घडली ती आणि नोंद झाली ती. नवी नोंद करताना घटनेची तारीख मूळ आवकेचीच राहते. साठा अहवालात 'घटनेच्या तारखेनुसार' निवडलं की मागच्या महिन्यात खरोखर किती माल होता ते दिसतं; 'नोंदीच्या तारखेनुसार' निवडलं की तेव्हा जो अहवाल दिला होता तोच पुन्हा मिळतो. सध्या हे संख्येपुरतंच आहे. मूल्याच्या अहवालातही असंच करण्याचं काम आम्ही हाती घेतलं आहे, पण त्याची तारीख आत्ता देत नाही. ते तयार होऊन तपासून झालं की तुम्हाला कळवू.

एक छोटी गोष्ट राहिली. तुमच्याकडे महिना 1 तारखेलाच बंद होतो. पुरवठादारांची बिलं त्यानंतर येतात, म्हणून निम्म्या चुका बंद महिन्यात सापडतात. बंद करण्याची तारीख 5 केली, तर कच्च्या नोंदी त्या आधीच बिलाशी ताडून घेता येतील. ही सेटिंग तुमच्या प्रशासकालाच बदलता येते. संचालकांचा अहवाल चार दिवस उशिरा मिळेल, तेवढं त्यांना चालतं का ते विचारून पाहा.

हे सगळं पाहूनही तुमच्या कामासाठी नोंद थेट बदलता येणं अत्यावश्यकच आहे असं वाटलं, तर आमची प्रणाली तुम्हाला सोयीची नाही असा त्याचा अर्थ होईल. तसं ठरवलंत तर तुमच्या सगळ्या नोंदी, जोडलेल्या कागदपत्रांसह, उतरवून देऊ आणि दुसरीकडे चढवायलाही मदत करू. त्यात आमच्याकडून अडवणूक होणार नाही.

पण त्याआधी एक करून पाहूया अशी विनंती आहे. तुमच्या फाईलमधल्या सगळ्या नोंदी आमच्या सहकारी चाचणी-खात्यात गठ्ठ्याने दुरुस्त करून ठेवतील. गुरुवारी सकाळी 11 वाजता तुम्ही, गोदाम प्रमुख आणि हिशेब विभागातलं कोणी एक, अशा सगळ्यांनी मिळून पडद्यावर निकाल पाहावा. मूळ खात्याला तोवर हात लागणार नाही. गुरुवार जमत नसेल तर शुक्रवारी दुपारनंतर केव्हाही. या पत्राला उत्तर म्हणून वेळ कळवलीत की पुरे, आणि सोबत पेटीने येणाऱ्या वस्तूंची यादी असेल ती पाठवा, अर्धवट असली तरी चालेल.

आपला नम्र,
उत्पादन प्रमुख, साठा व्यवस्थापन प्रणाली