अमळनेरच्या आत्यांना प्रकृतीच्या विचारपुशीचे पत्र

नाशिक
८ मार्च

तीर्थस्वरूप आत्या यांस,

विलासचा शिरसाष्टांग नमस्कार.

गुरुवारी टाके काढून तुम्हाला जळगावहून घरी आणल्याचे दादाने फोनवर कळवले. काल सकाळी वॉकर धरून तुम्ही पलंगापासून मधल्या दारापर्यंत गेलात आणि थोडे टेकून पुन्हा परत आलात, हेही त्याने सांगितले. ते ऐकून आम्हा सर्वांना फार बरे वाटले. मी मुद्दाम फोन केला नाही. फोन आला की तुम्ही उठून बसता आणि स्वतःच्या प्रकृतीविषयी एक वाक्य बोलून उरलेला सगळा वेळ आमची विचारपूस करता. पत्र मात्र पडल्यापडल्या, मनाला येईल तेव्हा आणि हवे तेवढेच वाचता येते, म्हणून लिहायला बसलो. अक्षर मोठे काढले आहे. तरीही डोळ्यांना ताण पडत असेल तर ओमकडून वाचून घ्या.

खुब्याचे हाड मोडणे आणि त्यावर शस्त्रक्रिया होणे ही किरकोळ गोष्ट नाही. त्यामुळे 'काही झालेले नाही, चार दिवसांत पळायला लागाल' असे लिहून मी तुमची समजूत काढणार नाही. तुम्हाला ते पटणारही नाही. मात्र डॉक्टरांनी दादाला आणि मला समोर बसवून जे सांगितले, तेच तुम्हाला कळवतो. हाड व्यवस्थित बसले आहे, जखम कोरडी आहे, तुमचे रक्तदाब आणि साखर दोन्ही ताब्यात आहेत, आणि तुम्ही दुसऱ्याच दिवशी उभ्या राहिलात ही गोष्ट सर्वांत चांगली झाली. हाड पुरते जुळून यायला साधारण तीन महिने लागतात. पायातली ताकद परत यायला त्याहून थोडा अधिक वेळ लागू शकतो. त्या काळात काही दिवस बरे जातील, काही दिवस पाय जड वाटेल, आणि एखाद्या रात्री कूस बदलता येत नाही म्हणून झोपही लागणार नाही. असा दिवस आला तर प्रकृती पुन्हा बिघडली असे मनात आणू नका. दुखत असेल तर मात्र वहिनींना स्पष्ट सांगा. दुखणे सोसून गप्प राहण्याची तुमची जुनी सवय आम्हाला ठाऊक आहे. डॉक्टरांना औषध ठरवायचे असते, तेव्हा ती सवय त्यांच्या उपयोगाची नाही.

हे लिहिताना मला पाचवीच्या वर्षातला माझा विषमज्वर आठवतो. मे महिन्याच्या सुटीत मी तुमच्याकडे आलो आणि तिथेच आजारी पडलो. आई-वडिलांना निरोप गेला, ते आले, आईच्या डोळ्यांना पाणी आले. तुम्ही मात्र घरात कोठेही गडबड होऊ दिली नाही. मला भेटायला आलेल्यांना तुम्ही ओट्यावरच बसवून बोलत होता. मुगाच्या डाळीचे पाणी वेळेवर देत होता, कपाळावरची घडी बदलत होता, आणि ताप उतरल्यावर मी अंगणात जायचा हट्ट धरला तेव्हा रागावला नाहीत. "घाई कसाले करस?" एवढेच म्हणालात आणि माझी खाट दाराजवळ सरकवली, म्हणजे मला पडल्यापडल्या मुलांचा खेळ दिसावा. तुमच्या चेहऱ्यावर काळजी दिसत नव्हती, म्हणून मलाही भीती वाटली नाही. आजारी माणसाजवळ कसे वागावे हे मी तुमच्याकडे पाहून शिकलो, आणि या वेळी आम्ही सगळे तसेच वागण्याचा प्रयत्न करणार आहोत. तुम्हीही आम्हाला तेवढी संधी द्यावी, ही विनंती आहे.

तुमच्या मनात सध्या काय चालले असेल याचा मला थोडा अंदाज आहे. फाल्गुन संपत आला, ऊन कडक झाले, गल्लीत घरोघरी कुरडया-शेवया सुरू झाल्या असतील, आणि आपल्याकडे बिबड्यांची ज्वारी अजून भिजत घातलेली नाही. दादा म्हणाला की दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर तुम्ही तिसरा की चौथा प्रश्न बिबड्यांचाच विचारला होता. त्याविषयी निश्चिंत राहा. वहिनी आणि शेजारच्या काकूंनी पाडव्यानंतरचा दिवस ठरवला आहे, ज्वारी दळून आणण्याचे काम ओमकडे आहे, आणि लसूण, मिरची, तीळ किती घालायचे ते तुम्ही पलंगावरूनच सांगायचे आहे. शिजलेल्या पिठाची चव पाहायलाही तुमच्याकडेच आणतील. यंदा बिबडे थोडे जाड-बारीक झाले तरी ते आम्ही आवडीने खाऊ. तुम्ही मात्र ते थापायला पाटावर बसू नका. खाली बसणे आणि मांडी घालणे डॉक्टरांनी सध्या पूर्ण बंद केले आहे, आणि त्यात एका दिवसाचीही सूट नाही.

अखजीचेही तसेच आहे. दरवर्षी त्या सणाला लेकी माहेरी येतात, झोका बांधला जातो, घागर भरली जाते, आणि खापरावरचे मांडे तुमच्या हातचे असतात. यंदा लेकी येतील, झोकाही बांधला जाईल, घागर दादा भरेल. मांडे कोणी करायचे ते दोघी बहिणींनी आपसांत ठरवले आहे. त्या सणापर्यंत आपल्याला चालता आलेच पाहिजे, असा दिवस मनाशी धरून बसू नका. चालता आले तर आनंदच आहे, नाही आले तर लेकी तुमच्या पलंगाभोवती बसतील आणि गौराईची गाणी तिथेच होतील. माझे स्वतःचे मत विचाराल तर अखजीपेक्षा त्यानंतर आठ दिवसांनी, वैशाखातल्या एकादशीला निघणाऱ्या सखाराम महाराजांच्या रथाचा विचार करावा. त्याचे दर्शन खुर्चीत बसूनही घेता येते. त्या दिवशी गाडी कोठपर्यंत नेता येईल आणि गर्दी कोठे कमी असते याची चौकशी मी करून ठेवतो. डॉक्टरांनी होकार दिला आणि तुम्हाला उमेद वाटली, तरच जाऊ.

आता एक नाजूक गोष्ट लिहितो. वाईट वाटून घेऊ नका. आपल्यामुळे सुनेला त्रास होतो, तिला उठबस करावी लागते, न्हाणीघरापर्यंत धरून न्यावे लागते, हे तुमच्या मनाला लागते असे दादाच्या बोलण्यातून जाणवले. चाळीस-पन्नास वर्षे ज्या घरात तुम्ही सर्वांना वाढले, तिथे दुसऱ्याच्या हातून पाणी घेणे अवघड वाटणारच. परंतु वहिनी माझ्याशी फोनवर बोलल्या तेव्हा त्यांच्या बोलण्यात त्राग्याचा सूरसुद्धा नव्हता. त्यांच्या दोन्ही बाळंतपणांत तुम्ही रात्र रात्र जागलात, हे त्यांनीच मला सांगितले. त्यांचे एकच म्हणणे आहे की तुम्ही हाक न मारता एकट्याने उठू नका, विशेषतः रात्री. उशाजवळ घंटी ठेवली आहे, ती वाजवा. मध्यरात्री वाजवली तरी कोणाची झोपमोड झाली असे कोणी मानणार नाही. पुन्हा तोल जाणे तेवढे आपल्याला टाळायचे आहे, बाकी सर्व गोष्टी सावकाश जमतील.

भेटायला येणाऱ्यांविषयीही दादाशी बोललो आहे. गल्लीतली, शाळेतली, नात्यातली माणसे आपुलकीने येतात, आणि त्यांच्या येण्याने तुम्हालाही बरे वाटते. पण प्रत्येकाला पडण्याची हकिकत पहिल्यापासून सांगणे आणि वर चहा झाला की नाही याकडे लक्ष ठेवणे, यात तुम्ही दमता. म्हणून भेटीची वेळ संध्याकाळी पाच ते सहा अशी ठेवली आहे. हकिकत दादा सांगेल. दुपारी दार लोटलेले असेल. त्याचे कोणाला वाईट वाटेल अशी शंका मनात आणू नका, कारण तुमच्यावर माया करणारी माणसे हे समजून घेतील.

व्यायामाच्या ताई एक दिवसाआड येणार आहेत. पलंगावर पडून पाऊल खाली-वर करणे, गुडघा गादीत दाबून धरणे, हे प्रकार पोरखेळ वाटले तरी ते मन लावून करा. रक्त खेळते राहण्यासाठी आणि मांडीत बळ येण्यासाठी त्यांचा फार उपयोग होतो. जेवणात दूध, डाळी आणि कळण्याची भाकरी चालते, असे विचारून घेतले आहे. भरीत हवे असेल तर तिखट थोडे कमी करून खा. कमी तिखटाच्या भरिताला तुम्ही भरीत मानत नाही हे मला माहीत आहे, तरी हे काही आठवडे चालवून घ्या.

मी पुढच्या रविवारी येतो. धुळ्यामार्गे सकाळच्या एस.टी.ने निघेन, म्हणजे दुपारच्या जेवणापर्यंत पोहोचेन. माझ्यासाठी वेगळे काही करायला वहिनींना सांगू नका. न्हाणीघरात आणि ओट्याच्या पायरीशी भिंतीला धरायचे दांडे बसवायचे आहेत. ते मी इथून घेऊन येतो, आणि मिस्त्रीला दादा बोलावून ठेवणार आहे. ओट्यावर पाणी साचते ती जागाही त्याच वेळी नीट करून घेऊ. हातांची उंच खुर्ची पाहून ठेवली आहे. तुमच्या उंचीचे माप दादाने कळवले की ती पाठवतो. मुलांच्या परीक्षा संपल्या की सुनीता आठवडाभर तुमच्याजवळ राहायला येईल. तेवढ्या दिवसांत वहिनींनी चार दिवस माहेरी जाऊन यावे असे आम्ही सुचवले आहे, आणि तुम्हीही त्यांना तसा आग्रह करा. तुमचे म्हणणे त्या टाळणार नाहीत.

मुले तुमची आठवण काढतात. धाकटीने तुमच्यासाठी चित्र काढले आहे. त्यात तुम्ही वॉकर घेऊन तुळशीजवळ उभ्या आहात आणि वॉकरला तिने हिरवा रंग दिला आहे. या पत्रासोबत ते पाठवत आहे.

या पत्राला उत्तर लिहिण्याची खटपट करू नका. काही हवे-नको असेल तर ओमकडून दोन शब्द कळवा, तेवढे पुरेत. औषधे वेळेवर घ्या, दुपारी झोप लागली तर झोपा, आणि एखाद्या दिवशी चालण्याचा कंटाळा आला तर तसे सरळ सांगा. तुम्हाला लवकर आराम पडो आणि पूर्वीसारखे हिंडता-फिरता येवो, अशी मनापासून प्रार्थना करतो.

दादा व वहिनींना नमस्कार, ओमला आशीर्वाद.

तुमचा भाचा,
विलास